छापखाना, वाचक आणि धर्मसुधारणा : विटेनबर्ग ते रायतूर

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर या ऑगस्टिनियन संन्याशाने माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्ट यांना एक पत्र पाठवले आणि त्यासोबत क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्धचे ९५ मुद्दे जोडले. हे मुद्दे लॅटिनमध्ये होते आणि विद्यापीठातील वादविवादासाठी काढलेले होते. ते त्याच दिवशी विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर ठोकले गेले की नाही, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. त्यानंतर काय झाले, याबद्दल मात्र वाद नाही. वर्ष संपण्याआधी न्यूरेंबर्ग, लाइपझिग आणि बाझेल या तीन शहरांत हे मुद्दे छापून निघाले. ल्यूथरने ते तेथे छापायला दिले नव्हते. मागणी येईल असा तेथील छापखानेवाल्यांचा अंदाज होता आणि त्यांनी तो स्वतःच्या खर्चाने अजमावला.

पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात चर्चच्या कारभारावर टीका करणारा ल्यूथर पहिला नव्हता. प्रागचा यान हुस शंभर वर्षांपूर्वी जवळजवळ तेच बोलला होता. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने त्याला जिवंत जाळले. त्याचे अनुयायी संपले नाहीत, बोहेमियात त्यांनी शस्त्रे उचलली आणि आपला पंथ टिकवला. पण ती चळवळ मुख्यतः चेक भाषकांच्या प्रदेशातच राहिली. हुसचे लेखन हाताने नकलले जात होते. एक नक्कल करायला जेवढे दिवस लागत तेवढे दुसरीलाही लागत, आणि नकला जप्त करणे अवघड नव्हते. हुस आणि ल्यूथर यांच्यात फरक कशाने पडला याचा शोध घेताना माइन्झचा योहान गुटेनबर्ग आठवणे स्वाभाविक आहे. सुटे धातूचे खिळे वापरून त्याने १४५५ च्या सुमारास बायबल छापले होते. परंतु तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. त्याच गुटेनबर्गच्या छापखान्यातून १४५४-५५ मध्ये क्षमापत्रेही छापली गेली होती. पुढची साठ वर्षे छापील प्रार्थनापुस्तके, धर्मशास्त्राचे ग्रंथ आणि क्षमापत्रांचे कोरे नमुने यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चर्चच होते. यंत्राला पक्ष नसतो. १५१७ नंतर ते एका बाजूकडे का झुकले, याची कारणे छपाईच्या धंद्याच्या रचनेत आणि वाचणाऱ्या लोकांत आहेत.

धंद्याची रचना आधी पाहावी लागते. लॅटिनमधला मोठा ग्रंथ छापायचा तर वर्षभर कागद, मजुरी आणि खिळे यांत भांडवल अडकून पडे. तो विकायला फ्रँकफुर्टच्या जत्रेपर्यंत न्यावा लागे आणि पैसे हाती यायला आणखी वर्षे जात. अशा ग्रंथांपायी कितीतरी मुद्रक बुडाले. चोपडीचे गणित वेगळे होते. कागदाच्या एका तावावर दोन्ही बाजूंनी चार-चार पाने छापून त्याची दोनदा घडी घातली की आठ पानांची चोपडी तयार होते. जुळाऱ्याने दोन फर्मे जुळवले की काम झाले. शिवणकाम नाही, बांधणी नाही. दोन-तीन दिवसांत हजारेक प्रती निघत, त्या गावातच खपत आणि आठवड्याभरात पैसे परत येत. दुसऱ्या शहरात ही चोपडी गठ्ठे बांधून पाठवण्याचीही गरज नव्हती. एक प्रत तेथे पोचली की तेथील मुद्रक ती नव्याने जुळवून छापत असे. लेखकाचा हक्क मानणारा कायदा नव्हता आणि ल्यूथर आपल्या लेखनाचे पैसे घेत नव्हता, म्हणून पुनर्मुद्रणाला अडकाठी नव्हती.

ही रचना ल्यूथरच्या फार लवकर लक्षात आली. मार्च १५१८ मध्ये त्याने ‘क्षमापत्रे आणि कृपा’ या विषयावरचे प्रवचन छापले. ९५ मुद्द्यांचाच हा सारांश होता, पण जर्मनमध्ये, छोट्या परिच्छेदांत आणि एका तावात मावेल इतका. १५२० पर्यंत त्याच्या २० हून अधिक आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक इतर शहरांतल्या मुद्रकांनी काढलेल्या होत्या. क्षमापत्रांचा विक्रेता योहान टेट्झेल याने जर्मनमध्येच उत्तर दिले, पण त्याला तसे मुद्रक मिळाले नाहीत. पुढेही चर्चच्या बाजूचे विद्वान प्रामुख्याने लॅटिनमध्ये लिहीत राहिले. धर्मतत्त्वांचा वाद बाजारात, अशिक्षितांसमोर नेणे हेच त्यांना गैर वाटत होते. ही भूमिका त्यांच्या दृष्टीने प्रामाणिक होती, परंतु तिच्यामुळे जर्मन वाचकांसमोरचे मैदान त्यांनी जवळजवळ मोकळे सोडले.

विटेनबर्ग हे तेव्हा लहान गाव होते. तेथे योहान राऊ-ग्रुनेनबर्ग हा एकच मुद्रक होता, तो संथ होता आणि त्याचे काम ओबडधोबड होते. ल्यूथरने त्याबद्दल उघड तक्रार केली. १५१९ मध्ये लाइपझिगच्या मेल्खिओर लोटर या अनुभवी मुद्रकाचा मुलगा त्याच नावाने विटेनबर्गात येऊन बसला. चित्रकार लुकास क्रानाख याने मुखपृष्ठांसाठी लाकडी ठशांच्या नक्षीदार चौकटी कोरल्या. ल्यूथरचे नाव आणि गावाचे नाव मोठ्या अक्षरांत, भोवती नक्षी, अशी चोपडी दुकानात लांबून ओळखू येऊ लागली. ऑगस्ट १५२० मध्ये लोटरने ल्यूथरचे ‘जर्मन राष्ट्राच्या ख्रिस्ती सरदारांस’ हे आवाहन छापले. पहिल्याच छपाईत ४,००० प्रती काढण्याचे धाडस त्याने केले. त्या काळात हजाराच्या आसपास प्रती काढण्याची रीत होती. प्रती काही दिवसांतच संपल्या. सप्टेंबर १५२२ मध्ये ल्यूथरच्या जर्मन नव्या कराराची पहिली आवृत्ती सुमारे ३,००० प्रतींची निघाली आणि डिसेंबरमध्ये दुसरी काढावी लागली. हे पुस्तक चोपडीपेक्षा कितीतरी महाग होते.

छपाईने आणखी एक गोष्ट साधली, ती मराठी वाचकाला एकनाथांच्या उदाहरणाने सहज कळेल. शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षे नकला होत होत पाठ बिघडले होते, म्हणून ते काम करावे लागले. हस्तलिखिताच्या जगात चळवळ जितकी पसरेल तितके तिच्या ग्रंथाला फाटे फुटत जातात. छापील पुस्तकातही चुका असतात, परंतु हजार प्रतींत ती चूक एकाच ओळीवर असते आणि पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त करता येते. न्यूरेंबर्ग आणि स्ट्रासबुर्गमधले दोन वाचक एकच वाक्य वाचून त्यावर भांडू शकत होते. रोमने ल्यूथरवर ठेवलेल्या आरोपांची शहानिशाही वाचक स्वतः करू शकत होता, कारण मूळ चोपडी त्याच्या हातात होती.

हे वाचक होते तरी किती? संपूर्ण जर्मन प्रदेशात वाचता येणारे शंभरात पाचच्या आसपास असावेत आणि मोठ्या शहरांत ते प्रमाण तीसच्या घरात जात असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे आकडे अंदाजाचेच आहेत, कारण त्या काळी कोणी शिरगणती केलेली नाही. वाढ कशामुळे झाली हे मात्र बऱ्यापैकी समजते. पंधराव्या शतकात व्यापारी शहरांत हिशेब, करार आणि पत्रव्यवहार वाढला आणि लॅटिनऐवजी जर्मन लिहिणे-वाचणे शिकवणाऱ्या खासगी शाळा निघाल्या. त्यांत कारागिरांची मुले जात, काही ठिकाणी मुलीही जात. कागद चामड्याच्या पानांपेक्षा कितीतरी स्वस्त पडत होता. स्वतःच्या भाषेत धर्माचे वाचन करण्याची आवडही ल्यूथरच्या आधीची आहे. स्ट्रासबुर्गच्या मेंटेलिनने १४६६ मध्ये जर्मन बायबल छापले होते आणि ल्यूथरच्या भाषांतरापूर्वी अशा १८ संपूर्ण आवृत्त्या निघाल्या होत्या. वाचकवर्ग ल्यूथरने निर्माण केलेला नाही. तो आधी तयार झाला होता, आणि चोपडीच्या किमतीला परवडेल असे त्याच्या भाषेतले लेखन त्याला हवे होते.

बाकीच्या बहुसंख्य लोकांपर्यंत विचार कानांनी पोचला. खाणावळीत, कारखान्यात, घरी एकजण चोपडी वाचे आणि दहाजण ऐकत. प्रवचनकार छापील प्रवचन पाठ करून व्यासपीठावरून सांगत. गाणी आणि व्यंगचित्रांचे ताव हातोहात जात. सुधारणेचा प्रसार मूलतः मौखिक होता, छपाईचे महत्त्व वाढवून सांगितले जाते, असा आक्षेप इतिहासकार रॉबर्ट स्क्रिबनर यांनी घेतला आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. त्याच शतकात वारकरी परंपरा छापखान्यावाचून कीर्तनातून महाराष्ट्रभर नांदत होती, म्हणजे मौखिक प्रसाराची ताकद मराठी समाजाला सांगावी लागत नाही. तरीही एक फरक उरतो. कीर्तनकाराची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या मुरत जाते. विटेनबर्गात लिहिलेला युक्तिवाद तीन-चार आठवड्यांत शेकडो मैलांवरच्या व्यासपीठावरून ऐकू येतो, तेव्हा प्रवचनकाराच्या हातात कोणीतरी छापील कागद दिलेला असतो. वाचणारा शंभरात एक असला तरी या साखळीतली ती कडी काढली तर गती उरत नाही.

वाचकांची मागणी हे खरे कारण होते, याचा पुरावा लाइपझिगने दिला. हे शहर सॅक्सनीच्या ड्यूक गेओर्ग यांच्या सत्तेखाली होते. छपाईचे ते मोठे केंद्र होते आणि १५१८-१९ मध्ये ल्यूथरच्या पुस्तकांवर तेथील मुद्रकांनी चांगली कमाई केली होती. १५२१ मध्ये वोर्म्सच्या सभेनंतर सम्राट पाचवा चार्ल्स याने ल्यूथरचे लेखन छापण्यावर बंदी घातली. गेओर्ग कट्टर कॅथलिक असल्याने लाइपझिगात ती खरोखर अमलात आली. १५२४ मध्ये तेथील मुद्रकांनी नगरसभेकडे गाऱ्हाणे घातले : लोकांना जे हवे ते छापायची मनाई आहे, जे छापायची परवानगी आहे त्याचे ढीग पडून आहेत, फुकट दिले तरी कोणी घेत नाही, घरदार जायची वेळ आली आहे. हा धंदा विटेनबर्गकडे वळला होता. विटेनबर्ग लाइपझिगपासून दोन दिवसांच्या वाटेवर होते, पण तेथे राज्य सॅक्सनीच्या दुसऱ्या शाखेचे होते. इलेक्टर फ्रिडरिख याने ल्यूथरला आसरा दिला होता. जर्मन प्रदेश शेकडो संस्थानांत आणि मुक्त शहरांत विभागला होता, त्यामुळे एका ठिकाणी बंद केलेला छापखाना शेजारी चालू राहत असे.

व्हेनिसचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. युरोपातले छपाईचे सर्वांत मोठे केंद्र तेच होते, शिक्षणही जर्मनीपेक्षा कमी नव्हते आणि ल्यूथरचे लेखन तेथेही वेषांतर करून पोचले होते. पण १५४२ मध्ये रोमची धर्मन्यायसभा पुन्हा उभी राहिली, १५५९ मध्ये पोपने बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी निघाली आणि इटलीत धर्मसुधारणेला राजाश्रय कोठेच मिळाला नाही. यंत्रे असूनही तेथे तिने मूळ धरले नाही.

या कारणपरंपरेची सर्वांत कसून परीक्षा मराठी-कोकणी मुलखातच झाली. ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्याला पोर्तुगालहून जहाज लागले. त्यावर अबिसीनियाला निघालेले येशूसंघीय धर्मगुरू आणि त्यांच्यासाठीचा एक छापखाना होता. अबिसीनियाची मोहीम पुढे सरकली नाही आणि छापखाना गोव्यातच राहिला. जुआन दे बुस्तामान्ते या स्पॅनिश बंधूने तो सेंट पॉल कॉलेजात चालू केला. भारतभूमीवरचा हा पहिला छापखाना. त्यातून पहिल्यांदा बाहेर पडले ते वादविवादात मांडायचे तात्त्विक मुद्दे. विटेनबर्गात ज्या प्रकारच्या कागदाने वादळ उठले, अगदी त्या प्रकारचा कागद ३९ वर्षांनी गोव्यात छापला गेला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी त्यावर वाद केला आणि विषय तेथेच संपला.

त्याचे पहिले कारण गिऱ्हाईक हे होते. गोव्यातला छापखाना बाजारासाठी चालत नव्हता. धर्मसंघ आणि सरकार यांना जे हवे तेवढेच तो छापत असे : धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे, बिशपांचे आदेश, धर्मपर निबंध. फ्रान्सिस झेवियर यांची धर्मशिक्षिका १५५७ मध्ये निघाली. पुस्तक खपले नाही तरी मुद्रकाचे घर जाणार नव्हते आणि खपले तरी शेजारचा मुद्रक ते छापणार नव्हता, कारण शेजारी मुद्रकच नव्हता. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायसभा आली आणि तिच्या परवान्यावाचून काही छापणे अशक्य झाले. जवळपास दुसरे ख्रिस्ती राज्यही नव्हते, म्हणजे लाइपझिगच्या मुद्रकाला जशी विटेनबर्गची वाट दिसत होती तशी येथे दिसत नव्हती. वैद्य गार्सिया द ऑर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा ‘कोलोकियुश’ हा मोलाचा ग्रंथ १५६३ मध्ये योहान द एन्देम याने गोव्यात छापला. चार वर्षांनी अँटवर्पच्या प्लांटिन यांच्या छापखान्यातून क्लुसियस यांनी त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि युरोपने ऑर्तांना मुख्यतः त्यातून वाचले. गोव्यात १५८० मध्ये, यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून, ऑर्तांची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

दुसरे कारण अक्षरांचे होते, आणि ते थॉमस स्टीफन्स यांनी स्वतः नोंदवले आहे. स्टीफन्स हे इंग्लंडचे. त्यांच्या मायदेशात धर्मसुधारणा राज्यधर्म बनली होती आणि कॅथलिकांना लपून राहावे लागत होते. ते रोमला जाऊन येशूसंघात शिरले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला आले. साष्टीत राहून ते कोकणी आणि मराठी शिकले. १६०८ मध्ये त्यांनी रोमला लिहिलेल्या पत्रात या प्रांतात देशी भाषेत आणि देशी लिपीत पुस्तके छापली जावीत अशी जुनी इच्छा व्यक्त केली आणि अडचणही सांगितली : युरोपात चोवीस अक्षरांचे खिळे पुरतात, येथे सुमारे सहाशे साचे करावे लागतील. जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या यांचा हा हिशेब देवनागरीची छपाई केलेल्या कोणालाही पटेल. त्यासाठी भांडवल लागले असते, आणि भांडवल घालायला विक्रीचा भरवसा लागला असता. तो भरवसा देणारा बाजारच गोव्यात नव्हता.

म्हणून त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरच्या कॉलेजात छापले गेले ते रोमन अक्षरांत. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा हा ग्रंथ आहे. रोमन लिपी पाद्रींना आणि त्यांच्या शाळेत शिकलेल्या थोड्या मुलांना येत होती. ज्या समाजात मराठी वाचण्याची परंपरा होती त्याला ती येत नव्हती. ग्रंथाच्या प्रास्ताविकातच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केली, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही. वाचनाची भूक येथेही होती, हे यावरून दिसते. पण ती भागवण्याचा मार्ग वरून ठरत होता. पुस्तक लोकांनी विकत घेऊन घरी वाचावे अशी कल्पना नव्हती. ते चर्चमध्ये जमलेल्यांपुढे गायले जावे, अशी होती. विटेनबर्गातही एकजण वाचत होता आणि दहाजण ऐकत होते, परंतु तेथे वाचणारा कोणता कागद उचलेल हे कोणी ठरवू शकत नव्हते.

साक्षरता आणि सुधारणा यांचे नाते दोन्ही दिशांनी चालते, हेही या तुलनेत दिसते. ल्यूथरने १५२४ मध्ये जर्मन नगरसभांना शाळा काढण्याचे आवाहन केले आणि मुलींनाही त्यात गणले. १५२९ मध्ये त्याने घरोघरी पाठ करण्यासाठी लहान धर्मशिक्षिका लिहिली. मात्र १५२५ च्या शेतकरी उठावाने तो हादरला होता. बायबलचा आधार घेऊन शेतकऱ्यांनी वेठबिगारी नाकारली आणि ल्यूथरने राजांची बाजू घेतली. त्यानंतर चोपड्यांचा पूर ओसरला. स्वतंत्र वाचनापेक्षा नेमलेले पाठांतर पुढे आले. प्रोटेस्टंट प्रदेशांत साक्षरता वाढली हे खरे, पण ती सावकाश, शाळांच्या मार्गाने आणि पुढच्या पिढ्यांत वाढली. पहिल्या आठ वर्षांचा वेग तिच्यामुळे आला असे म्हणता येत नाही. तो वेग आधीच शहरांत तयार असलेल्या वाचकांचा होता.

गोव्यात उलटे घडले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६७४ नंतर गोव्यातली छपाई थांबली. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. छापखाना गोव्यात परत आला तो १८२१ मध्ये. सतराव्या शतकातल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या छापील प्रतींपैकी एकही आज सापडलेली नाही. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकलून ठेवलेल्या पोथ्यांवरून जोसेफ सालढाना यांनी १९०७ मध्ये मंगळूरला त्याची आवृत्ती काढली. देवनागरीत लिहिलेली एक पोथी लंडनला आहे.